गुजराती मुलीच्या वडिलांकडे लग्नासाठी आशीर्वाद मागताना: त्यांच्याच भाषेत काय बोलावं, कसं बोलावं

मी डोंबिवलीचा, बायको घाटकोपरची गुजराती वैष्णव. आमचं लग्न ठरायच्या आधी तिच्या वडिलांसमोर बसून मी जे बोललो ते गुजरातीतून बोललो. त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी विचारलं, 'नेमकं काय बोललास?' ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. मी मुलाच्या बाजूने लिहितोय. मुलगी मुलाच्या वडिलांशी बोलणार असेल तर वाक्यं कुठे बदलतात तेही जागोजागी सांगितलं आहे.

आधी एक शंका दूर करतो. मुंबईतल्या बहुतेक गुजराती वडिलांना मराठी समजतं, अनेकांना छान बोलताही येतं. मग गुजराती कशाला? कारण मराठीत किंवा हिंदीत बोललात तर ते तुमच्याशी गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, बँकेतल्या माणसाशी बोलतात तसे बोलतील. मुलीच्या लग्नाचं बोलणं मात्र ते आयुष्यभर घरच्या भाषेत करत आले आहेत. म्हणून पूर्ण गुजराती यायची गरज नाही. सात-आठ वाक्यं नीट यायला हवीत, आणि ती अशी हवीत की निर्णय त्यांच्याच हातात राहील.

१. आधी घर नीट ओळखा

'गुजराती' एवढ्यावर थांबू नका. घाटकोपर, मुलुंड, दादर या भागांत अनेक कुटुंबं कच्छी आहेत. बाहेर ती गुजराती बोलतात, पण घरात कच्छी, आणि कच्छी ही वेगळी भाषा आहे, सिंधीच्या जवळची. वडील आपल्या भावाशी फोनवर कोणत्या भाषेत बोलतात हे तिला विचारा. कच्छी असतील तर नमस्काराचं एखादं वाक्य तिच्याकडून कच्छीत शिका आणि बाकीचं गुजरातीत बोला.

दुसरी गोष्ट पंथाची, कारण नमस्कार त्यावरून ठरतो. वैष्णव घरात 'जय श्री कृष्ण', जैन घरात 'जय जिनेन्द्र', स्वामिनारायण संप्रदायाच्या घरात 'जय स्वामिनारायण'. दारात पहिला शब्द हाच येतो, त्यामुळे हा चुकीचा निघाला तर पुढच्या वाक्यांची तयारी त्यांना दिसतच नाही.

तिसरी गोष्ट, घरात शेवटचा शब्द कुणाचा? एकत्र कुटुंब असेल तर वडिलांचे मोठे भाऊ किंवा आजोबा असू शकतात. ते माहीत असेल तर 'मोटाने पूछवुं पडे' (मोठ्यांना विचारावं लागेल) हे उत्तर आलं तरी तुम्ही गडबडणार नाही.

२. बातमी तिने आधी सांगायची, तुम्ही नाही

वडिलांना 'मुलीच्या आयुष्यात कुणीतरी आहे' हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून कळू नये. आधी तिने आईला सांगावं, मग आईच्या सोबतीने वडिलांना. तुम्ही जाता ते फक्त आशीर्वादासाठी. हा क्रम उलटला तर वडिलांचा सगळा वेळ धक्का पचवण्यात जातो आणि त्या अवस्थेत माणूस सहसा 'नाही'च म्हणतो. त्यांनी तिला रागावून घेतलं असेल, दोन दिवस अबोला धरला असेल, तरी ते तुमच्या भेटीच्या आधी झालेलं बरं.

३. वेळ मागा

फोनपेक्षा साधा मेसेज चांगला, त्यांना विचार करायला वेळ मिळतो. गुजराती वाक्यं मी देवनागरीत लिहितो आहे. मेसेज पाठवताना तिच्याकडून गुजराती लिपीत करून घ्या.

*जय श्री कृष्ण अंकल. मारे तमने अने आंटीने मळवुं छे. रविवारे सवारे तमने अनुकूळ होय तो घरे आवुं?*
(मला तुम्हाला आणि काकूंना भेटायचं आहे. रविवारी सकाळी तुम्हाला सोयीचं असेल तर घरी येऊ का?)

रविवार सकाळ मी उगाच म्हणत नाही. वडील मुळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात असोत की शेअरबाजारात, आठवड्यातले बाकीचे दिवस डोकं धंद्यात असतं. शेअरवाल्या माणसाला तर सव्वानऊ ते साडेतीन या वेळात मेसेजसुद्धा करू नये. रविवारी देवदर्शन आणि पूजा उरकून साडेदहा-अकराला ते निवांत असतात. जैन घरात संध्याकाळ टाळाच. अनेक जण चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर काही खात-पीत नाहीत. तुम्ही सातला पोचलात तर त्यांना तुमचा पाहुणचारही करता येत नाही, आणि गुजराती घराला ते फार लागतं. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेवून निघा.

तिथी-महिनाही पाहा. सूर्य धनु राशीत असतो तो काळ, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंत, गुजरातीत 'कमुरतां'. त्यात शुभकार्याचं बोलणं काढत नाहीत. पितृपक्षही नको. जैन घर असेल तर पर्युषणाचे दिवस तप आणि प्रतिक्रमणाचे असतात, तेही सोडा.

४. सोबत काय हवं

फार काही नाही:

- तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेली वाक्यं (किमान आठवडाभर आधी मिळवा)
- तीच वाक्यं देवनागरीत लिहिलेला एक कागद. हा घरी ठेवायचा, खिशात नाही
- त्यांच्या ओळखीच्या दुकानातले पेढे. केक नको, अंड्याचा प्रश्न येतो
- तिच्या घरातल्या माणसांची नावं आणि नाती
- नोकरी, पगार, घर, कर्ज यांची खरी माहिती, विचारल्यावर लगेच सांगता येईल अशी

कुंडली स्वतःहून काढू नका. त्यांनी मागितली तर 'घरून पाठवतो' म्हणा.

५. वाक्यं पाठ करण्याआधी व्याकरणातला आदर शिका

गुजरातीत आदर वेगवेगळ्या शब्दांपेक्षा क्रियापदाच्या शेवटात जास्त दिसतो. मराठी माणसाला हे सोपं आहे, कारण 'बाबा आले' हे आपण तसंच म्हणतो. तिथे *पप्पा आव्या*. पण बाईंबद्दल आदराने बोलताना शेवटी अनुस्वार येतो: *आंटी क्यां गयां?* (काकू कुठे गेल्या?) इथे 'आंटी क्यां गई?' म्हणालात तर ते बरोबरीच्या किंवा लहान मुलीबद्दल बोलल्यासारखं होतं. हिंदीच्या सवयीमुळे हे तोंडातून पटकन निघून जातं, म्हणून दहा वेळा मोठ्याने म्हणा.

वडिलांना *तमे*. 'आप' हा शब्द गुजरातीत आहे, पण मुंबईच्या घरांत तो भाषणातला किंवा निमंत्रणपत्रिकेतला वाटतो. ते तुम्हाला *तुं* म्हणतील, तो अपमान नव्हे. उलट 'तमे'वरून 'तुं'वर आले तर बर्फ वितळायला लागला असं समजा.

विनंती करताना *कहो* ऐवजी *कहेजो*, *पूछो* ऐवजी *पूछजो*. या '-जो'मध्ये 'सवडीने, तुम्हाला वाटेल तेव्हा' असा भाव आहे. तुमच्या सगळ्या बोलण्याचा सूर या एका प्रत्ययावर उभा राहतो. फक्त उच्चार सांभाळा. हा ज 'जीवन'मधला आहे, 'जाळी'तला नाही. च-ज दातांवर आणून बोलण्याची आपली सवय गुजराती कानाला लगेच कळते. ळ मात्र आपल्याला आयता मिळालेला आहे. 'मळवुं' मराठी माणूस पहिल्याच दिवशी बरोबर म्हणतो.

संबोधन *अंकल* ठेवा. नावापुढे 'भाई' लावून हाक मारणं बाजारात चालतं, इथे नाही. 'पप्पा' ते स्वतः म्हणायला सांगेपर्यंत थांबा.

६. प्रत्यक्ष बोलणं

दारात *जय श्री कृष्ण अंकल, जय श्री कृष्ण आंटी.* पाया पडायचं की नाही हे तिला आधी विचारा, प्रत्येक घराची रीत वेगळी. पडणार असाल तर आल्या आल्या पडा, मागणी केल्यानंतर नाही. नंतर पडलात की 'हो' म्हणायला भाग पाडल्यासारखं होतं.

चहा-नाश्ता येईल. आग्रह होईल, थोडं का होईना खा. पहिली पंधरा-वीस मिनिटं विषय काढू नका. आई स्वयंपाकघरात असेल तर ती बाहेर येऊन बसेपर्यंत थांबा. मग:

*अंकल, एक वात करवी हती. तमारी रजा होय तो कहुं?*
(अंकल, एक बोलायचं होतं. तुमची परवानगी असेल तर सांगू?)

इथे थांबा. ते 'बोल' किंवा 'हा, कहो ने' म्हणतील. त्यांनी तसं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग मुख्य वाक्यं, सावकाश:

*तमारी दीकरी अने हुं त्रण वरसथी एकबीजाने ओळखीए छीए. अमे लग्न करवा मागीए छीए. तमारा अने आंटीना आशीर्वाद साथे आगळ वधवानी अमारी इच्छा छे.*
(तुमची मुलगी आणि मी तीन वर्षांपासून एकमेकांना ओळखतो. आम्हाला लग्न करायचं आहे. तुमच्या आणि काकूंच्या आशीर्वादाने पुढे जावं अशी आमची इच्छा आहे.)

मुलगी बोलणार असेल तर 'तमारो दीकरो अने हुं', बाकी वाक्य तेच.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अनेक जण 'तमारा आशीर्वाद वगर आगळ वधवुं नथी' (आशीर्वादाशिवाय पुढे जायचं नाही) असं पाठ करून जातात, कारण ते जास्त नम्र वाटतं. पण ते वचन आहे. उद्या वडील नाही म्हणाले आणि तुम्ही तरीही लग्न केलंत, तर तुम्ही त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच घरात खोटं बोललात हे ते विसरणार नाहीत. तुम्ही दोघांनी खरोखर तसं ठरवलं असेल तरच म्हणा. नाहीतर 'आशीर्वाद साथे' हेच बरोबर. कायद्याने सज्ञान मुलामुलींना वडिलांची परवानगी लागत नाही हे वडिलांनाही माहीत असतं. तुम्ही परवानगी मागत नाही, आशीर्वाद मागता आहात, आणि म्हणूनच त्यात प्रत्येक शब्द खरा असायला हवा.

'दीकरीनो हाथ मागवा आव्यो छुं' हेही टाळा. ते नाटकी वाटतं. शिवाय मुलाच्या घरून येणारी औपचारिक मागणी, जिला ते *मागुं* म्हणतात, ती वडीलधाऱ्यांनी घालायची असते. ते काम तुमच्या आईवडिलांसाठी राखून ठेवा.

लगेच पुढचं वाक्य जोडा:

*तमारे मने कंई पूछवुं होय तो पूछजो. अने तमे विचारीने कहेजो, उतावळ नथी.*
(मला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि विचार करून सांगा, घाई नाही.)

यानंतर गप्प राहा. शांतता लांबली तरी तुम्ही ती भरू नका. ते मराठीत उत्तर देऊ लागले तर तुम्हीही मराठीत या, गुजरातीचा हट्ट धरू नका. तुमची वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचली आहेत. आता ते तुमच्या भाषेत आले आहेत, तो त्यांच्या बाजूचा मान आहे.

७. येणारे प्रश्न, आणि त्यातला एक सर्वांत मोठा

घर स्वतःचं की भाड्याचं (*पोतानुं घर छे के भाडानुं?*), लग्नानंतर कुठे राहणार (*लग्न पछी क्यां रहेशो?*), घरी कोण कोण आहे, हे प्रश्न येतातच. थेट, आकडा लपवल्याशिवाय उत्तर द्या. व्यवहाराचं व्यवहारासारखं विचारणं त्या घरात उद्धटपणा समजत नाहीत. वडील जैन असतील तर 'लग्न कोणत्या कायद्याने' असाही प्रश्न येऊ शकतो. हिंदू विवाह कायदा १९५५ जैनांनाही लागू आहे, त्यामुळे हिंदू मुलगा आणि जैन मुलगी त्याखाली लग्न करू शकतात.

पण बहुतेक मराठी मुलांसाठी खरा प्रश्न हा असतो: *तमारे त्यां नॉनवेज चाले?*

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. हे लपवणं शक्य नव्हतं आणि लपवायचंही नव्हतं. आम्ही दोघांनी भेटीच्या आधी ठरवून टाकलं होतं: लग्नानंतर ठाण्यात वेगळं राहायचं, आमच्या स्वयंपाकघरात मांसाहार नाही, आणि माझ्या आईने तिच्या घरी काय बदलावं हे आम्ही ठरवणार नाही. माझ्या आईवडिलांशीही हे आधी बोलून झालं होतं. त्यामुळे तेव्हा मी एवढंच म्हणालो:

*हा अंकल, अमारा घरे माछली बने छे. तमारी दीकरी आ जाणे छे. लग्न पछी अमे अलग रहीशुं, अमारा रसोडामां नहीं बने.*
(हो अंकल, आमच्या घरी मासे होतात. तुमच्या मुलीला ते माहीत आहे. लग्नानंतर आम्ही वेगळे राहू, आमच्या स्वयंपाकघरात होणार नाही.)

त्यांनी पुढे विचारलं, 'आणि तू?' मी सांगितलं की आईकडे गेलो की खाईन. ते काही वेळ बोलले नाहीत. पुढे तिच्या आईकडून कळलं की त्यांना याच उत्तराचा भरवसा वाटला, कारण सोडतो असं म्हणणारे सगळेच सोडत नाहीत हे त्यांनी नात्यात पाहिलं होतं. तुमचं उत्तर माझ्यासारखंच असेल असं नाही. पण दोघांचं आधी ठरलेलं असू द्या, आणि पाळता येईल तेवढंच बोला. तिथल्या तिथे उत्साहात 'सगळं सोडतो' म्हणणं हा या भेटीतला सर्वांत महागात पडणारा सापळा आहे.

८. उत्तर ऐकायला शिका

पहिल्या भेटीत स्वच्छ 'हो' क्वचितच येतं. *जोईशुं* (बघू), *घरमां वात करीए* (घरात बोलतो), *मोटाने पूछवुं पडे*, ही सगळी उत्तरं अजून दार उघडं असल्याची आहेत. त्यावर एकच वाक्य:

*जी अंकल. तमे कहेशो त्यारे आवीश.*
(तुम्ही सांगाल तेव्हा येईन.)

'कधीपर्यंत कळवाल?' विचारू नका. *जमीने ज जजो* (जेवूनच जा) असं म्हणाले तर जेवा, पण ते होकार समजू नका. पाहुण्याला ते तसंच म्हणतात. ते स्वतःहून तुमच्या आईवडिलांबद्दल, गावाबद्दल विचारू लागले, तर मात्र विचार सुरू झाला आहे असं धरायला हरकत नाही. त्या वेळी म्हणता येतं: *तमने योग्य लागे तो मारां मम्मी-पप्पा तमने मळवा आवे.* (तुम्हाला योग्य वाटलं तर माझे आईबाबा तुम्हाला भेटायला येतील.)

*आ नहीं बने* (हे होणार नाही) असं थेट आलं तर वाद घालू नका, तिच्याकडे बघून मदत मागू नका:

*तमे मारी वात सांभळी, ए माटे तमारो आभार.*
(तुम्ही माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार.)

आणि शांतपणे उठा. पहिल्या दिवशीच्या नकाराचं पुढे काय होतं हे बरंचसं तुम्ही कसे उठलात यावर असतं. पुढचं बोलणं आता तिने आणि तिच्या आईने करायचं.

निघताना 'हुं जाउं छुं' म्हणू नका. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसं तिथे *चालो अंकल, रजा लउं?* ते *आवजो* म्हणतील.

९. होकार आल्यावर

होकार आला की तो त्याच दिवशी गावभर करू नका. सोशल मीडियावर फोटो तर नाहीच. गुजराती घरात शब्द पक्का होतो तो *गोळधाणा*ने. दोन्ही घरची माणसं बसतात, गूळ आणि धणे वाटले जातात, आणि तिथून पुढे नातं जाहीर धरतात. मोठा साखरपुडा, ज्याला ते *सगाई* म्हणतात, नंतर किंवा त्याच दिवशी होतो. मुलाकडच्यांनी त्या दिवशी काय न्यायचं हे घरागणिक बदलतं. तुमच्या आईने तिच्या आईला सरळ फोन करून विचारावं. हे दोघींचं पहिलं बोलणं असेल तर फारच छान, कारण पुढचं बहुतेक सगळं त्या दोघीच ठरवणार आहेत.

तारीख काढताना दोन्हीकडची पंचांगं समोर ठेवा. गुजराती महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, म्हणून महिन्यांच्या नावांचा घोळ होत नाही, पण त्यांचं वर्ष दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं, आपलं गुढीपाडव्याला. 'नव्या वर्षात करू' असं वडील म्हणाले तर कोणतं नवं वर्ष ते विचारून घ्या.